गायीचं की म्हशीचं? फॅटच्या आठ आकड्यांवर ईएमची एक फेरी, हाताने

प्रश्न: सर, मी सांगलीत एम.एस्सी. संख्याशास्त्र करते. प्रोजेक्टसाठी पलूस तालुक्यातल्या आमच्या गावच्या डेअरीतून फॅटचे आकडे आणलेत, पण वहीत गाय की म्हैस हा रकानाच भरलेला नाही. गाइड म्हणाले ईएम लावा. कॉम्प्युटरवर चालवलं, उत्तर आलं, पण आत काय घडलं ते कळलं नाही. सरळ ५ वर रेघ मारून दोन ढीग केले तर काय बिघडतं? एक फेरी कागदावर करून दाखवाल का?

उत्तर:

रेघेपासूनच सुरुवात करू, कारण ईएम, म्हणजे एक्स्पेक्टेशन-मॅक्झिमायझेशन, कशासाठी हे तिथेच कळतं. हाताने करायला सोपं पडावं म्हणून मी आठच आकडे घेतो: ३.५, ३.८, ४.०, ४.३, ४.९, ५.६, ६.४, ७.१. यांची बेरीज ३९.६ आणि सरासरी ४.९५. हे दोन आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे ताळा करायला लागतील.

५ वर रेघ मारली की पाच नोंदी गायीकडे जातात आणि तीन म्हशीकडे. गायीची सरासरी ४.१ येते, म्हशीची ६.३७. दिसायला ठीक आहे. पण म्हशीच्या फॅटचा पसारा मोठा असेल, तर तिची काही दुधं ५ च्या खालीही उतरणार. रेघेने ती सगळी गायीच्या ढिगात टाकली. गायीची ५ च्या वरची दुधं असतील, तर तीही म्हशीच्या नावावर गेली. म्हणजे दोन्ही ढिगांच्या एकमेकांकडच्या शेपट्या कापल्या गेल्या. शेपटी कापली की सरासऱ्या एकमेकींपासून लांब ढकलल्या जातात आणि विचरण खऱ्यापेक्षा कमी येतं. ही चूक नोंदी वाढवून जात नाही. आठच्या जागी आठ हजार नोंदी घेतल्या तरी रेघ तेवढ्याच प्रमाणात शेपट्या कापत राहते. ज्या नोंदीबद्दल आपल्याला खात्री नाही, तिच्याबद्दल खात्री असल्यासारखं वागणं हे या चुकीचं मूळ आहे.

ईएम ती नोंद एकाच ढिगात टाकत नाही. ४.९ ही नोंद ५५ टक्के गायीची आणि ४५ टक्के म्हशीची धरायची, आणि सरासरी काढताना तेवढ्याच वजनाने दोन्हीकडे मोजायची. हे ५५ टक्के कुठून आले, हाच सगळा हिशोब.

आधी मॉडेल लिहून घेऊ. p म्हणजे एकूण नोंदींत गायीच्या नोंदींचं प्रमाण. गायीचं फॅट एका नॉर्मल वितरणातून येतं, म्हशीचं दुसऱ्यातून, आणि वहीत आपल्याला दोन्ही मिळून हे दिसतं:

```
f(x) = p·N(x; m1, s1²) + (1−p)·N(x; m2, s2²)
```

अज्ञात पाच: p, दोन सरासऱ्या आणि दोन प्रमाण विचलनं.

इथे एक गोष्ट डेअरीत जाऊन विचारून घ्या. हे मॉडेल असं मानतं की प्रत्येक नोंद पूर्णपणे गायीची किंवा पूर्णपणे म्हशीची आहे, आपल्याला फक्त कोणती ते माहीत नाही. घरी एक गाय, एक म्हैस आणि दोन्हींचं दूध एकाच किटलीत ओतून आणलं, तर ते फॅट मधलं येणार आणि ती नोंद दोन्हीपैकी कोणत्याच वितरणातली नसणार. अशा किटल्या बऱ्याच असतील तर दोन नॉर्मलचं मॉडेलच चुकीचं ठरतं. ५ च्या आसपासच्या त्या गर्दीला सामावून घेण्यासाठी दोन्ही विचरणं फुगतील, आणि उत्तर मात्र नेहमीसारखं नीटनेटकं छापून येईल.

आता तुमच्या मनात येईल की लाइकलिहूडचं अवकलन करून शून्याशी समीकरण का मांडू नये? मांडता येतं, पण सुटत नाही. लॉगच्या आत दोन पदांची बेरीज आहे, त्यामुळे लॉग आत शिरत नाही आणि पाचही अज्ञातं एकमेकांत अडकून राहतात. हा प्रश्न फार जुना आहे. १८९४ मध्ये कार्ल पिअर्सनने नेपल्सच्या उपसागरातल्या खेकड्यांच्या मोजमापांत दोन नॉर्मल शोधले. प्राणिशास्त्रज्ञ वेल्डनने मोजलेले ते एक हजार खेकडे होते. पिअर्सनने आघूर्णांची पद्धत वापरली आणि त्याला नवव्या घाताचं समीकरण सोडवावं लागलं, तेही हाताने. १९४८ मध्ये सी. आर. राव यांनी दोन नॉर्मलच्या मिश्रणाला महत्तम लाइकलिहूडची पद्धत लावली, पण दोन्हींचं विचरण सारखं धरून. १९७७ मध्ये डेम्पस्टर, लेअर्ड आणि रुबिन यांनी अशा विखुरलेल्या अनेक युक्त्यांना एका सूत्रात बांधलं आणि ईएम हे नाव दिलं. त्यांच्या अभिसरणाच्या सिद्धतेत राहिलेली फट १९८३ मध्ये जेफ वू यांनी बुजवली.

युक्ती अशी: वहीतला तो रकाना भरलेला असता, तर काम एका मिनिटाचं होतं. गायीच्या नोंदींची सरासरी, विचरण, प्रमाण, म्हशीचं तसंच. रकाना रिकामा आहे म्हणून सध्याच्या अंदाजावरून प्रत्येक नोंदीत गायीचा वाटा किती ते काढायचं, ही ई-पायरी. मग तो वाटा वजन म्हणून वापरून सरासरी, विचरण आणि प्रमाण पुन्हा काढायचं, ही एम-पायरी. नव्या अंदाजावरून पुन्हा वाटे, आणि असंच पुढे.

सुरुवातीचे अंदाज

p = ०.५, m1 = ४, m2 = ६, आणि दोन्ही प्रमाण विचलनं १. हे अंदाज मी मुद्दाम निवडलेत. p अर्धा आणि विचलनं सारखी असली की पहिल्या फेरीचा हिशोब फार सोपा होतो. व्हायव्हात फळ्यावर करायची वेळ आली तर तुम्हीही हेच करा.

एक सावधगिरी: दोन्ही सरासऱ्या आणि दोन्ही विचलनं सारखीच देऊ नका. तसं केलं तर p अर्धा असताना प्रत्येक नोंदीचा वाटा ०.५ येतो, त्या वाट्यांवरून दोन्ही नव्या सरासऱ्या ४.९५ येतात, आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच. ईएम तिथेच बसून राहतं आणि प्रोग्राम सांगतो की अभिसरण झालं.

ई-पायरी

नोंद x असेल तर बेझच्या नियमाने गायीचा वाटा:

```
r = p·N(x; m1, s1²) / [ p·N(x; m1, s1²) + (1−p)·N(x; m2, s2²) ]
```

वर-खाली म्हशीच्या पदाने भागलं की फक्त दोघींचं गुणोत्तर उरतं. p आणि 1−p सारखे, म्हणून कटतात. विचलनं सारखी, म्हणून पुढचे स्थिरांकही कटतात. उरतात ते घात:

```
ln(गाय/म्हैस) = [(x−6)² − (x−4)²] / 2 = 10 − 2x
r = 1 / (1 + e^(2x−10))
```

x चा वर्ग कटला आणि सरळ रेषा राहिली, हे लक्षात ठेवा. दोन्ही विचरणं सारखी असतील तेव्हाच हे होतं, पुढच्या फेरीत होणार नाही.

एक नोंद पूर्ण करून बघू. x = ४.९ साठी १० − ९.८ = ०.२. e चा ०.२ वा घात १.२२१. म्हणजे गायीची बाजू म्हशीच्या १.२२१ पट. वाटा = १.२२१ ÷ २.२२१ = ०.५५०. बाकीच्या सात नोंदी अशाच:

| फॅट x | १० − २x | गायीचा वाटा r | म्हशीचा वाटा १ − r |
|---|---|---|---|
| ३.५ | ३.० | ०.९५३ | ०.०४७ |
| ३.८ | २.४ | ०.९१७ | ०.०८३ |
| ४.० | २.० | ०.८८१ | ०.११९ |
| ४.३ | १.४ | ०.८०२ | ०.१९८ |
| ४.९ | ०.२ | ०.५५० | ०.४५० |
| ५.६ | −१.२ | ०.२३१ | ०.७६९ |
| ६.४ | −२.८ | ०.०५७ | ०.९४३ |
| ७.१ | −४.२ | ०.०१५ | ०.९८५ |
| बेरीज | | ४.४०६ | ३.५९४ |

शेवटची ओळ नीट बघा. आठ नोंदींपैकी ४.४०६ नोंदी गायीच्या. अपूर्णांकात गायी कशा, असं वाटेल, पण ही अपेक्षित संख्या आहे, आणि ई-पायरीतली अपेक्षा म्हणजे हीच. दोन्ही बेरजा मिळून ८ यायलाच हव्यात. आल्या नाहीत तर पुढे जाऊ नका.

एम-पायरी

प्रमाण सर्वांत सोपं: p = ४.४०६ ÷ ८ = ०.५५१.

गायीची नवी सरासरी म्हणजे प्रत्येक फॅटला त्याच्या वाट्याने गुणून केलेली बेरीज, भागिले वाट्यांची बेरीज. गुणाकार क्रमाने ३.३३६, ३.४८५, ३.५२४, ३.४४९, २.६९५, १.२९४, ०.३६५, ०.१०७ असे येतात आणि पूर्णांकन न करता त्यांची बेरीज १८.२५३.

m1 = १८.२५३ ÷ ४.४०६ = ४.१४३

म्हशीसाठी गुणाकार पुन्हा करायची गरज नाही. एकूण ३९.६ मधून १८.२५३ वजा केले की २१.३४७ उरतात.

m2 = २१.३४७ ÷ ३.५९४ = ५.९४०

रेघ मारून म्हशीची सरासरी ६.३७ आली होती. ही ५.९४, कारण ४.९ ची जवळजवळ अर्धी नोंद आणि ४.३ ची पाचवा हिस्सा नोंद तिच्याकडे आली.

विचरणात विद्यार्थी हमखास एका जागी घसरतात. अंतर मोजायचं ते नव्या सरासरीपासून, म्हणजे ४.१४३ पासून, जुन्या ४ पासून नाही. गायीसाठी सर्वांत लांबच्या नोंदीचं बघू: ७.१ − ४.१४३ = २.९५७, वर्ग ८.७४४, वाटा ०.०१५, गुणाकार ०.१३१. आठही गुणाकारांची बेरीज १.७६७ येते.

s1² = १.७६७ ÷ ४.४०६ = ०.४०१, म्हणून s1 = ०.६३३

म्हशीसाठी अंतरं ५.९४० पासून, बेरीज ३.७४१.

s2² = ३.७४१ ÷ ३.५९४ = १.०४१, म्हणून s2 = १.०२०

एक फेरी पूर्ण झाली. दोन्ही विचलनं आपण १ च धरली होती. एकाच फेरीत गायीचं ०.६३ वर आलं आणि म्हशीचं होतं तिथेच राहिलं. गायीची दुधं दाटीने, म्हशीची पसरून, हे आकड्यांनी स्वतः सांगितलं.

ताळा

हाताने केलेल्या फेरीत चूक झाली की नाही हे ओळखायच्या दोन खुणा आहेत, आणि त्या मला फार मोलाच्या वाटतात. एम-पायरीनंतर मिश्रणाची सरासरी ही मूळ आकड्यांच्या सरासरीइतकीच यायला हवी, कोणत्याही फेरीत, कोणत्याही अंदाजापासून सुरुवात केली तरी. तसंच मिश्रणाचं एकूण विचरण हे मूळ आकड्यांच्या विचरणाइतकंच यायला हवं. ते ७ ने नव्हे, ८ ने भागून काढलेलं.

सरासरी: ०.५५१ × ४.१४३ + ०.४४९ × ५.९४० = ४.९५. बरोबर.

मूळ विचरण: ४.९५ पासूनच्या वर्गांची बेरीज ११.९, भागिले ८ = १.४८७५. मिश्रणाचं विचरण दोन भागांत येतं. ढिगांच्या आतलं (१.७६७ + ३.७४१) ÷ ८ = ०.६८८. दोन ढिगांमधलं ०.५५१ × ०.४४९ × (५.९४० − ४.१४३)² = ०.७९९. मिळून १.४८७. जुळलं.

जुन्या सरासरीपासून अंतरं मोजण्याची ती चूक केली असती, तर इथे १.५०० आलं असतं. फरक लहान दिसतो, पण दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत काम करताना एवढा फरक पूर्णांकनाने येत नाही. म्हणजे चूक पकडली गेली.

तिसरी खूण लॉग-लाइकलिहूडची. आठही नोंदींसाठी f(x) काढायचं, लॉग घ्यायचे, बेरीज करायची. सुरुवातीच्या अंदाजांना ती −१२.८३९ येते आणि एका फेरीनंतर −११.७९९. वाढली. ईएममध्ये ती दर फेरीला वाढते किंवा तेवढीच राहते, कमी कधीच होत नाही. कारण असं की सध्याच्या वाट्यांवरून ई-पायरी लॉग-लाइकलिहूडच्या खालून एक फलन उभं करते, जे सध्याच्या बिंदूला लाइकलिहूडला टेकलेलं असतं आणि इतर कुठेही त्याच्या वर जात नाही. एम-पायरी या फलनाच्या माथ्यावर जाते. खालचं फलन वर गेलं, म्हणजे वरच्या लाइकलिहूडला निदान तेवढं वर जावंच लागतं. तुमच्या प्रोग्राममध्ये लॉग-लाइकलिहूड कधी उतरलं, तर ईएमला दोष देऊ नका, कोडमध्ये चूक आहे.

हे आश्वासन मात्र फक्त लाइकलिहूडचं आहे, अज्ञातांचं नाही. गायीची सरासरी ४ वरून ४.१४३ वर गेली. दुसऱ्या फेरीनंतर ती ४.०८ वर परत येते, आणि म्हशीची ६ वरून ५.९४, मग ६.०३. पुढे-मागे होण्याचं कारण आपला सुरुवातीचा अंदाज. गायीचं विचलन १ धरल्यामुळे तिच्या नॉर्मल वक्राची घंटा गरजेपेक्षा रुंद होती, म्हणून पहिल्या फेरीत ५.६ मधलाही जवळजवळ पाव वाटा तिने घेतला. विचलन ०.६३ झाल्यावर तोच वाटा ०.१३ वर आला. ४.९ चा वाटा मात्र ०.५५ वरून ०.६२ वर चढला. त्यामुळे एखाद्या अज्ञाताचा आलेख वर जाऊन खाली आला म्हणून घाबरू नका.

दुसऱ्या फेरीपासून १० − २x हे सोपं सूत्र चालत नाही. विचलनं वेगळी झाली की x चा वर्ग कटत नाही, म्हणून दोन्ही घनता पूर्ण काढाव्या लागतात. त्याचा एक चमत्कारिक परिणाम बघा. पहिल्या फेरीनंतरच्या अंदाजांवर १.० फॅटच्या नोंदीचा गायीचा वाटा जेमतेम ०.५२ येतो, आणि त्याखाली म्हैस जिंकते! रुंद घंटेची शेपटी अरुंद घंटेच्या शेपटीपेक्षा दोन्ही टोकांना वर असते, म्हणून. वहीत चुकून ०.४ असं लिहिलेलं असेल किंवा दुधात भरपूर पाणी असेल, तर अशी नोंद म्हशीच्या खात्यात जाऊन तिचं विचरण फुगवते. ईएम लावण्याआधी अशा नोंदी डोळ्यांनी बघून बाजूला काढा.

तुमच्याकडच्या संपूर्ण यादीसाठी पॅकेजची गरज नाही. वर केलेलाच हिशोब आर मध्ये एवढाच आहे:

```r
x <- c(3.5,3.8,4.0,4.3,4.9,5.6,6.4,7.1)
p <- 0.5; m <- c(4,6); s <- c(1,1)
for (k in 0:2) {
  a <- p*dnorm(x,m[1],s[1]); b <- (1-p)*dnorm(x,m[2],s[2])
  cat(k, sum(log(a+b)), p, m, s, "\n")
  r <- a/(a+b); p <- mean(r)
  m <- c(sum(r*x)/sum(r), sum((1-r)*x)/sum(1-r))
  s <- sqrt(c(sum(r*(x-m[1])^2)/sum(r),
              sum((1-r)*(x-m[2])^2)/sum(1-r)))
}
```

छापलेल्या दुसऱ्या ओळीत आपले हाताने काढलेले आकडे दिसतील, तिसऱ्या दशांशात एखाद्याचा फरक पडला तर तो आपल्या पूर्णांकनाचा.

खऱ्या वहीवर काय बिघडतं

सर्वांत मोठा धोका विचरण शून्याकडे जाण्याचा. एका घंटेची सरासरी नेमकी एका नोंदीवर ठेवली आणि तिचं विचलन कमी करत नेलं, तर त्या नोंदीपाशी घनता अनंताकडे जाते. बाकीच्या नोंदी दुसरी घंटा सांभाळून घेते, त्यामुळे एकूण लाइकलिहूडही अनंताकडे जातं. म्हणजे विचरणं वेगवेगळी असलेल्या मॉडेलमध्ये लाइकलिहूडला सर्वोच्च बिंदूच नाही. आपल्याला हवं असतं ते आतलं, समंजस, स्थानिक शिखर.

डेअरीच्या आकड्यांत हा धोका जास्तच. मशीन एकाच दशांशापर्यंत वाचतं, त्यामुळे तोच आकडा पुन्हा पुन्हा येतो. शिवाय आपल्याकडे दर ठरतो तो गायीला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीला ६.० आणि ९.० या पायावर. नेमक्या ६.० वर नोंदींची गर्दी झालेली दिसली, तर एखाद्या सुरुवातीपासून ईएम ती गर्दी म्हणजेच दुसरी घंटा समजून बसेल. लक्षणं ओळखायला सोपी आहेत: एक विचलन दर फेरीला घटत जातं आणि थांबत नाही, त्या घंटेच्या वाट्यांची बेरीज मोजक्या नोंदींवर येते, आणि लॉग-लाइकलिहूड हळूहळू चढता चढता अचानक उडी मारतं. अशा वेळी सर्वांत जास्त लाइकलिहूड असलेली धाव निवडली, तर नेमकी चुकीचीच निवडली जाते.

उपाय म्हणून विचलनाला खालची मर्यादा घाला. ०.१ च्या पूर्णांकनानेच जवळपास ०.०३ इतकं विचलन येतं, त्यामुळे मर्यादा त्याच्या बरीच वर हवी. एकाच जातीच्या गायींच्या दुधातही ०.२ पेक्षा कमी पसारा मला पटणार नाही, म्हणून मी तिथे थांबवीन. वेगवेगळ्या अंदाजांपासून बऱ्याच धावा करा, मर्यादेला चिकटलेल्या धावा टाकून द्या, आणि उरलेल्यांत सर्वांत जास्त लाइकलिहूड असलेली घ्या.

दुसरं, सकाळ-संध्याकाळ वेगळं करा. रात्रीचं अंतर मोठं असेल तर सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी, संध्याकाळी उलट, हे गावातल्या कोणत्याही दूधवाल्याला विचारा. दोन्ही वेळच्या नोंदी एकत्र टाकल्या तर वहीत दोन नाही, चार समूह आहेत. वेळेचा रकाना तर तुमच्या वहीत नक्की असेल, मग ती माहिती ईएमकडून ओळखून घेण्यात अर्थ नाही. तसंच एकाच घरचं दूध रोज येतं, म्हणून त्या नोंदी परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. शक्य असेल तर प्रत्येक खातेदाराची एकाच दिवसाची, एकाच वेळेची नोंद घ्या.

आणि ईएम तुम्हाला गाय किंवा म्हैस असं काही सांगत नाही. ते कमी सरासरीची घंटा आणि जास्त सरासरीची घंटा एवढंच देतं. सुरुवातीला ४ आणि ६ च्या जागी ६ आणि ४ दिले असते, तर तेच उत्तर नावांची अदलाबदल होऊन आलं असतं. नावं आपण देतो, दुधाबद्दलच्या आपल्या माहितीवरून. त्यासाठी वीस-पंचवीस खातेदारांकडे काय जनावर आहे हे प्रत्यक्ष विचारून या. त्यांच्या नोंदींचा वाटा थेट १ किंवा ० धरून दर फेरीला तसाच ठेवायचा, बाकीच्यांचाच ई-पायरीत बदलायचा. सूत्रं तीच राहतात, अंदाज खूप घट्ट होतात, आणि घंटा भलत्याच गर्दीवर जाऊन बसण्याचा धोकाही कमी होतो.

परीक्षक आणखी एक गोष्ट विचारतील: दोन समूह आहेतच, हे कशावरून? आपल्या आठ नोंदींना एकच नॉर्मल लावला, सरासरी ४.९५ आणि विचरण १.४८७५, तर लॉग-लाइकलिहूड −१२.९४० येतं. दोन नॉर्मलचं एका फेरीनंतर −११.७९९. फरक १.१४, आणि तो मिळवायला तीन जास्तीची अज्ञातं खर्च झाली. पुढच्या फेऱ्यांत तो थोडा वाढेल, पण आठ नोंदींवरून दोन समूह सिद्ध झाले असं म्हणता येणार नाही. तुमच्या संपूर्ण यादीवर हा फरक खूप मोठा येईल अशी माझी अपेक्षा आहे. पण त्याची दुप्पट करून काय-वर्गाच्या तक्त्यात बघू नका. एकच समूह असेल तेव्हा p हा टोकाला, म्हणजे ० किंवा १ वर असतो आणि दुसऱ्या घंटेची सरासरी काहीही चालते, त्यामुळे नेहमीचा नियम इथे लागू पडत नाही. त्याऐवजी एकाच नॉर्मलमधून तुमच्या यादीएवढे आकडे कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा काढा, प्रत्येक वेळी दोन्ही मॉडेल्स बसवा, आणि तुमच्या वहीतून आलेला फरक त्या सगळ्या फरकांत कुठे पडतो ते बघा. विचलनाची मर्यादा आणि धावांची संख्या तिथेही तीच ठेवा, नाहीतर तुलना सारखी राहणार नाही.